गुद्रूनबाईला उत्तर

मेलेल्या बायकोचा फोन वाजला तेव्हा बाळासाहेब पाटावर बसून वांग्याची देठं काढत होते. वाजला म्हणजे नुसता चिमणीसारखा एकदा चिवचिवला, आणि मग फडताळातल्या डब्यांमागे गप्प झाला. तो आवाज वैजयंतीनंच निवडून ठेवलेला होता. स्वयंपाकाच्या धबडग्यात दुसरे आवाज ऐकू येत नाहीत, चिमणी बरोबर ऐकू येते, असं तिचं म्हणणं. तेरावं होऊन गेलं होतं, पाहुणे पांगले होते, मोहिनी चाकणला आपल्या घरी परतली होती आणि जाताना बापाला बजावून गेली होती, "दादा, आईचा फोन आता बंद करून ठेवा, उगं चार्जिंगला लावीत बसू नगा." बाळासाहेबांनी मान हलवली होती आणि रोज न चुकता तो चार्जिंगला लावला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात दोन फोन आहेत म्हटल्यावर दोन चार्ज करायचे, एवढंच. चाळीस वर्षांच्या सवयीला मरणाचा निरोप एका दिवसात पोचत नाही. चिमणी दुसऱ्यांदा चिवचिवली तशी त्यांच्या हातातली सुरी थांबली, आणि क्षणभर, खरंच क्षणभर, त्यांना वाटलं की आता आतून आवाज येईल, "अवो, बघा की जरा कुणाचं हाय, माझे हात पिठात हायेत." आवाज आला नाही. मग ते उठले, हात धोतराला पुसले आणि डब्यामागून फोन काढला.

फोनवर गुद्रूनबाईनं फोटो पाठवला होता. ही गुद्रूनबाई जर्मनीतली. कधीकाळी सह्याद्रीच्या अंगच्या डोंगरकपारीतल्या भाताच्या आणि नाचणीच्या जुन्या वाणांचा अभ्यास करायला म्हणून आली आणि ओतुरात यांच्या माडीवर जवळजवळ एक वर्ष भाड्यानं राहिली. गाव तिला गुदरणबाई म्हणायचं. तिला मराठी येत नव्हती, वैजयंतीला मराठीखेरीज काही येत नव्हतं, आणि दोघी चुलीपाशी बसून तासन्‌तास हसायच्या. बाळासाहेब तेव्हा अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपला होते. पहाटेच्या एसटीनं जायचे, दिवेलागणीला यायचे, आणि दारातून आत येताच ते हसणं बंद व्हायचं. त्यांचा काही दोष नव्हता. काही माणसं आल्यावर बायका पदर सावरतात, तसं घर स्वतःला सावरायचं. ती परत गेल्यावर फोनमधल्या भाषांतराच्या सोयीनं दोघींचं चालू राहिलं. वैजयंती फोनशी मराठीत बोलायची, फोन जर्मनमध्ये लिहून पाठवायचा. कधी भाकरीचा फोटो जायचा, कधी तिकडून बर्फाचा यायचा.

आजच्या फोटोत एक कार्ड होतं. वरच्या पानावर पानं झडलेलं झाड, भोवती काळी बारीक चौकट, खाली छापील ओळ. दुसऱ्या फोटोत आतली दोन पानं, निळ्या शाईनं, तिरक्या, एकमेकांना जोडलेल्या अक्षरांनी गच्च भरलेली, मधोमध घडीची सावली. तिकडे दुःखाच्या घरी एकदम फोन करत नाहीत, आधी हातानं कार्ड लिहून पाठवतात, हे गुद्रूनबाईनंच कधीतरी सांगितलेलं वैजयंतीनं त्यांना सांगितलं होतं. टपालाला वेळ लागेल म्हणून तिनं आधी फोटो धाडला असावा. काळी चौकट पाहून त्यांना बरं वाटलं. आपल्याकडेही पूर्वी मयताच्या पत्राचा कोपरा फाडून पाठवत आणि वाचून झालं की ते पत्र फाडून टाकत, घरात ठेवत नसत. म्हणजे माणसं कुठेही असोत, मरणाच्या कागदाला काहीतरी खूण लागतेच.

त्यांनी मोहिनीला फोन लावला. "ती गुदरणबाई, तिचं पत्र आलंय गं. ते वाचायचं कसं?"

"आईच्या फोनवर? दादा, मी म्हणलं व्हतं ना बंद..." मग तिचा आवाज मऊ झाला. "बरं ऐका. त्यात भाषांतराचं हाय ना, निळं चिन्ह, त्यात कॅमेरा दिसंल. पण कॅमेऱ्यानं बघू नगा, हात हालला की अक्षरं नाचत्यात. फोटूच निवडा. मंग आधी अक्षरं निवडून कॉपी करा, मराठी नंतर."

त्यांनी आधी कॅमेऱ्यानंच पाहिलं. माणूस सांगितलेलं करत नाही, निदान बाळासाहेब तरी करत नाहीत. स्वतःचा फोन वैजयंतीच्या फोनवर धरला तर त्या निळ्या ओळींवर मराठी छापील शब्द येऊन बसायला लागले, हात हलला की बदलायला लागले. 'घर' आलं, 'गरम' आलं, 'नवरा' आलं आणि गेलं. पाण्यात पडलेल्या कागदासारखं. मग मुकाट मोहिनीच्या वाटेनं गेले. फोटो निवडला, यंत्रानं आधी जर्मन अक्षरं वेगळी करून दाखवली, ती सगळी उचलून दुसऱ्या चौकटीत टाकली, आणि खाली मराठी उमटलं. सलग, टाइप केलेलं, भावनाशून्य, सरकारी परिपत्रकासारखं.

'प्रिय वैजयंती, तुझ्या नवऱ्याच्या मृत्यूची बातमी वाचून मी खूप रडलो.'

यंत्रानं गुद्रूनबाईला पुरुष केलं होतं. बाळासाहेबांना आधी त्याचंच हसू आलं. हसू ओठावर असतानाच उरलेलं वाक्य आत पोचलं, आणि ते खाली बसले.

पुन्हा वाचलं. तुझ्या नवऱ्याच्या. यंत्र चुकलं असेल. पण पुढेही तेच होतं. 'मला तो आठवतो. तो माझ्याशी जवळजवळ कधीच बोलला नाही. पण हिवाळ्यात रोज सकाळी तो माझ्या जिन्याच्या वरच्या पायरीवर गरम पाण्याची बादली ठेवून जात असे. मी दार उघडेपर्यंत तो निघून गेलेला असे. मी तुला विचारले, तो रागावला आहे का? तू हसलीस आणि म्हणालीस, त्याला असेच बोलता येते.' मग गुद्रूनबाईचा स्वतःचा नवरा गेला तेव्हाचं काही होतं. 'पहिल्या महिन्यात लोक येतात. नंतर घर मोठे होते. तुला त्याच्या चपलांचा आवाज ऐकू येईल. घाबरू नकोस.' शेवटी घडीलगत दाटीनं लिहिलेली ओळ सावलीमुळे यंत्राला लागली नव्हती, तिथं नुसता अक्षरांचा काला होता. आणि मग सही.

आपण मेलो आहोत हे माणसाला सहसा शेवटीच कळतं. बाळासाहेबांना ते वांगी चिरताना कळलं. त्यांनी वैजयंतीच्या फोनवर मागं मागं सरकवत जाऊन पाहिलं, आणि सगळा उलगडा झाला. त्या दिवशी, प्रेत अजून अंगणात असताना, पुतण्या आदेशनं घाईनं श्रद्धांजलीचं चित्र बनवलं होतं. वैजयंतीचा एकटीचा म्हणून धड फोटोच नव्हता, तिनं कधी काढूनच घेतला नाही. म्हणून भाच्याच्या, समर्थच्या लग्नातला दोघांचा घेतला, नंतर तिला वेगळी कापू म्हणून तसाच चिकटवला. त्यात बाळासाहेब मधोमध, फेटा बांधून, आणि ती कडेला, अर्धा खांदा बाहेर. बचतगटाच्या बाया, माहेरची माणसं, सगळी नावं तिच्याच फोनमध्ये, म्हणून त्यानं तिच्याच फोनवरून सगळ्यांना धाडून दिलं. दोन तासांनी हार घातलेला, नीट कापलेला दुसरा फोटो त्यानं गटांवर टाकला, पण तो काही जर्मनीला गेला नाही. गावाला काही अडलं नाही, गावाला कोण गेलं ते माहीतच होतं. आणे गावाहून आलेले लांबचे पाहुणे सोमाजी मात्र अंगणात बाळासाहेबांना टॉवेल घेऊन बसलेलं बघून असे दचकले होते की हातातली पाण्याची बाटली सुटली. "आरं, तुमी हायसा व्हय!" त्या दिवशीही कुणाकुणाला हसू आलं होतं. दुःखाच्या घरात हसू आलं की ते जास्त दिवस लक्षात राहतं.

ते चित्र बाळासाहेबांनी यंत्राला दिलं. वैजयंतीचं नाव लाल पार्श्वभूमीवर वळणावळणाच्या सोनेरी अक्षरात होतं, यंत्राला ते लागलंच नाही. लागलं ते 'दुःखद निधन', लागलं 'ओतूर', आणि खाली साध्या ठळक अक्षरात 'श्री. बाळासाहेब' असं शोकाकुल मंडळींच्या यादीतलं पहिलं नाव. हे जर्मनीत गेलं असेल तर काय झालं असेल, हे उघड होतं. निरोप वैजयंतीच्या फोनवरून आलेला, म्हणजे वैजयंती आहे. चित्रात फेटेवाला माणूस, खाली त्याचं नाव. म्हणजे तो गेला. यात गुद्रूनबाईचं काय चुकलं? कुणाचंच काही चुकलं नव्हतं. माणूस मेल्यावर त्याच्याच फोनवरून त्याच्या मरणाची खबर देणारे आपणच.

दुपार झाली. वांगी तशीच राहिली. बाहेर कांद्याच्या गाड्या ओतूरच्या बाजाराकडे चालल्या होत्या, त्यांचा आवाज येत होता, आणि बाळासाहेबांच्या मनात हळूहळू एक विचार उजेडासारखा शिरला. चोरउजेड. जगात एक गाव आहे, त्याचं नाव त्यांना नीट उच्चारता येत नव्हतं, आणि त्या गावात या घडीला वैजयंती जिवंत आहे. तिथं एक बाई सकाळी उठून खिडकीतून बघत असेल आणि म्हणत असेल, बिचारी वैजयंती, एकटी कशी राहत असेल. तिच्या मते वैजयंती आत्ता या घरात आहे, चुलीपाशी आहे, दुःखात आहे पण आहे. आणि बाळासाहेब? ते गेले. बरं झालं. त्यांना हे इतकं गोड वाटलं की ते पाणी प्यायचंही विसरले.

घडीतली ओळ राहिली होती. त्यांनी फोटोतला तेवढाच तुकडा मोठा करून, बाकीचं कापून, यंत्राला पुन्हा दिला. सावली होती तरी आता अक्षरं लागली. 'उत्तराची घाई नाही. पण लिहिलेस तर एवढेच सांग. शेवटी तू त्याच्याजवळ होतीस का?'

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आलेली सगळी माणसं सांगत होती. शेजारच्या अंबाबाईनं सांगितलं, "अहेवपणी गेली, सोनं झालं तिचं." भावकीतल्या चांगदेवनं सांगितलं, "देवाफुडं कुणाचं चालतंय व्हय, राव." भेटायला आलेला प्रत्येक जण जिन्याशी चपला काढायचा, बसायचा, वैजयंतीच्या हातच्या मासवडीची आठवण काढायचा, आणि बाळासाहेबांनी फक्त बसायचं होतं. पुरुषमाणसानं सांत्वनाला आलेल्यांपुढं काय बोलायचं असतं? काही नाही. टॉवेल खांद्यावरून डोक्यावर, डोक्यावरून खांद्यावर. तेराव्यापर्यंत त्यांनी ते उत्तम केलं. कॉलेजातही त्यांचं काम असंच होतं, पोरांना जॉब, म्हणजे लोखंडाचा सुटा भाग, करून दाखवायचा, बोलायचं प्राध्यापकांनी.

पहिलं उत्तर त्यांनी रीतसर लिहिलं. 'आपले सांत्वनपर पत्र पावले. ईश्वरेच्छेपुढे इलाज नाही. आपण आमच्या दुःखात सहभागी झालात, आम्ही आपले ऋणी आहोत.' ते यंत्राला देऊन जर्मन करून घेतलं, आणि वर्कशॉपची सवय म्हणून तपासणीला तेच जर्मन पुन्हा मराठी केलं. माप उलटं लावून बघितल्याशिवाय जॉब पास करायचा नसतो. परत आलं ते असं: 'तुमचे आरामदायी पत्र आले आहे. देवाच्या इच्छेविरुद्ध औषध नाही. आम्ही तुमचे कर्जदार आहोत.' बाळासाहेबांनी ते दोनदा वाचलं. वाईट काही नव्हतं, पण ते कुणाचंच नव्हतं. बँकेनं वैद्याला लिहिल्यासारखं होतं.

दुसरं उत्तर त्यांनी वैजयंतीच्या नावानं लिहिलं. हे करताना त्यांचे कान तापले, तरी लिहिलं. गुद्रून, तुझं कार्ड मिळालं. ते गेले. घर मोठं झालं आहे, तू म्हणतेस तसं. ही साधी वाक्यं यंत्रातून गेली आणि जशीच्या तशी परत आली. म्हणजे जातात. म्हणजे हे पाठवता येईल, आणि उद्या दुसरं, परवा तिसरं, भाकरीचा फोटो काढून, आणि ती बाई बर्फाचा धाडील, आणि वैजयंती तिकडे म्हातारी होत राहील. त्यांनी पुढचं वाक्य लिहायला घेतलं: ते गेल्यापासून मला. आणि इथं गाडी थांबली. ते गेल्यापासून तिला काय होईल? नवरा गेल्यावर वैजयंतीला कशाची उणीव भासली असती? त्यांनी मनात घर फिरून पाहिलं. तिच्या दिवसात आपण कुठे होतो, ते शोधलं. सकाळी एसटी, संध्याकाळी एसटी, मधे कॉलेज. निवृत्तीनंतर ओसरीवरचा पेपर. तिच्या तोंडून आपल्याबद्दल एक वाक्य त्यांना सापडेना, आणि जे सापडलं ते कार्डातच लिहिलेलं होतं. त्याला असेच बोलता येते. हे तिनं म्हटलं होतं, हसून. एका परक्या बाईला, खाणाखुणांनी, तिनं यांची बाजू समजावून सांगितली होती. त्यांना ते आजवर माहीत नव्हतं, आणि ते माहीत होण्यासाठी मरावं लागलं.

मग ते वैजयंती होऊन शेवटच्या प्रश्नाकडे आले. हो, मी जवळ होते. जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. असं लिहिलं आणि त्यांच्या मांडीला तिचं डोकं जाणवलं. वजन जाणवलं. केसांतल्या खोबरेल तेलाचा वास आला. पिंपळवंडी मागं पडली होती, शेजारच्या भागूची जीप खड्डे चुकवत होती, नारायणगावचा दवाखाना अजून लांब होता, आणि ती म्हणाली, "आलं का वो?" ते म्हणाले, "आलं, आलं." पुन्हा म्हणाली. पुन्हा म्हणाले, "आलंच बघ, नारायणगाव आलंच." मग ती विचारायची थांबली आणि ते सांगतच राहिले. भागूनं मागं वळून पाहिलं तरी सांगत राहिले.

ओसरीवर ऊन तिरपं झालं होतं. बाळासाहेबांनी वैजयंतीच्या नावाचं उत्तर पुसलं. मोठा विचार करून नव्हे. त्यांच्या मनात एवढंच आलं की ती बाई तिकडे रडली आहे, खूप रडली असं लिहिलंय, आणि ते सगळं रडणं आपल्या नावावर पडलंय. ते वैजयंतीचं होतं. तिच्यासाठी परमुलखात रडणारं एकच माणूस, आणि त्याचं रडणंही नवऱ्यानंच खाऊन बसायचं? आयुष्यभर ताटातला मऊ तुकडा तिनं यांच्याकडे सरकवला. एवढा तरी परत करायला हवा होता.

यंत्राला साधंच कळतं, हे आता समजलं होतं. देवाज्ञा नको, वियोग नको, काळाचा घाला नको. आणि साधं लिहायला बसल्यावर कळलं की इतक्या दिवसांत तो शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता. 'ती गेली' म्हणत होते. गेली म्हणजे माहेरी गेल्यासारखी. त्यांनी लिहिलं, आणि लिहिताना दात आवळले: 'वैजयंती मेली. मी जिवंत आहे. निरोप तिच्या फोनवरून गेला म्हणून तुम्हाला उलटं वाटलं. तुम्ही माझ्यासाठी रडलात, ते तिच्यासाठी रडा. मी शेवटी तिच्याजवळ होतो. मी तिला खोटं सांगत होतो की दवाखाना आला. तिला ते खरं वाटलं का, मला माहीत नाही. बादली ठेवायला मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. बाळासाहेब.' यंत्रातून जर्मन केलं, उलटं करून बघितलं. सगळं परत आलं. एकही वाक्य वाटेत सांडलं नाही.

पण टाइप केलेलं पाठवायला मन होईना. तिनं हातानं लिहिलं होतं. मराठीत हातानं लिहून फोटो काढून पाहिला, तर त्यांच्या पळत्या अक्षरापुढं यंत्रानं हात टेकले. शेवटी त्यांनी कपाटातून जुनी पट्टी काढली, कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं दोन दोन फिक्या रेघा आखल्या, आणि यंत्रानं दिलेली जर्मन अक्षरं बघून बघून, एकेक सुटं, ड्रॉइंगशीटवर नाव घालतात तसं उतरवायला घेतलं. अर्थ कळत नव्हता. डोक्यावर दोन टिंबं असलेली अक्षरं होती, ती टिंबंही नेमकी जागेवर दिली. कुठला शब्द वैजयंती हे तेवढं कळत होतं. तिथं आले की ते थांबत आणि जरा जास्त जपून काढत. झाल्यावर कागदाचा उजेडात फोटो घेतला, सावली पडू दिली नाही, आणि शेवटची तपासणी म्हणून तो यंत्रापुढे धरला. त्यांच्याच अक्षरांवर छापील मराठी येऊन बसलं: वैजयंती मरण पावली आहे. मी जिवंत आहे. परक्या कुणीतरी ते त्यांना सांगितल्यासारखं. त्यांनी मान हलवली, जणू बातमी आत्ताच कळली, आणि पाठवलं.

दोन खुणा उमटल्या. त्या निळ्या व्हायला वेळ लागला. झाल्या. मग काहीच झालं नाही. त्यांनी वांगी पाण्यात टाकली, चूल पेटवली, म्हणजे गॅस लावला, कांदा घेतला.

आणि चिमणी नव्हे, फोनच वाजला. जिथं दुःखाच्या घरी एकदम फोन करत नाहीत, त्या मुलखातून. बाळासाहेबांनी उचलला आणि कानाला लावला. बोलून उपयोग नव्हता. पलीकडे एक म्हातारी बाई रडत होती, मधेच 'वैजयंती' म्हणत होती, तिच्या पद्धतीनं, शेवटच्या अक्षरावर जोर देऊन. त्यांनी तिला रडू दिलं. मधे यंत्र नव्हतं, कुणी काही बदलत नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिचा श्वास जरा थांबला, आणि ती ऐकते आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी चिरायचा कांदा तसाच खाली ठेवला.

"आलं न्हवतं बाई," ते म्हणाले. "मी म्हणत व्हतो आलं, पर न्हवतं आलं. लई लांब व्हतं नारायणगाव."